पैसे खात्यातून गेले, प्ले स्टोअर म्हणतंय 'पेंडिंग'

"गुरुवारी रात्री साडेआठला लेकीच्या स्पर्धा परीक्षेच्या अ‍ॅपमधली टेस्ट सिरीज प्ले स्टोअरवरून घेतली. 1,499 रुपये. यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा पैसे वजा झाल्याचा मेसेजही आला. पण प्ले स्टोअरवर 'पेंडिंग' दिसतंय आणि अ‍ॅपमधल्या पेपरांवर कुलूप तसंच आहे. परीक्षा तोंडावर आलीय. लेक म्हणते, 'आई, परत भर, आधीचे येतील आपोआप.' परत भरू का? आणि आधीचे पैसे किती दिवसांत येतात? आलेच नाहीत तर कुणाला धरायचं?"
– एक आई, गंगावेस, कोल्हापूर

ताई, परत भरू नका. प्ले स्टोअरवरची ती खरेदी एक तर पूर्ण होऊ दे, नाही तर रद्द होऊ दे. दोन्हींपैकी एक झाल्याशिवाय पिन टाकायचा नाही. तुमचा मेल शुक्रवारी दुपारी मिळाला तेव्हा एवढंच लगेच कळवलं होतं. आता त्यामागचं कारण नीट सांगते, कारण हा घोळ आजकाल घरोघरी होतो आणि त्यात माणसं दोनदा पैसे भरून बसतात.

मी बरीच वर्षं एका बँकेत तक्रारींच्या टेबलावर काढली. 'पैसे गेले पण माल मिळाला नाही' म्हणत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटायचं, की आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली म्हणजे ती समोरच्याच्या खात्यात जमा झालीच. यूपीआयमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पिन टाकलात की आधी तुमची बँक तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते. मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मार्फत समोरच्या बँकेला निरोप जातो, की एवढी रक्कम अमक्या खात्यात जमा करा. त्या बँकेने 'जमा केली' असं उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर परत आलं की तुमच्या फोनवर हिरवी खूण उमटते आणि दुकानदाराला, म्हणजे इथे गूगलला, पैसे मिळाल्याचं कळतं. एरवी हे सगळं काही सेकंदांत होतं. पण समोरच्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर रक्कम तिथे जमा झाली की नाही हे त्या क्षणी कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. तुमच्या बँकेलाही नाही आणि गूगललाही नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीने पार्सल पाठवलं, हातात पावती आहे, पण पुण्याला उतरवून घेणाऱ्याचा फोन अजून आलेला नाही, तसं हे आहे. पार्सल हरवलेलं नसतं, पण ते पोचलं असंही म्हणता येत नाही. बँकांच्या रोजच्या हिशेबाचा मेळ घातला जातो तेव्हा त्याचा उलगडा होतो.

म्हणजे तुमच्याकडे आलेला बँकेचा मेसेज खोटा नाही. तो फक्त पहिल्या टप्प्याचा आहे. प्ले स्टोअर शेवटच्या टप्प्याची वाट बघतंय, म्हणून ते 'पेंडिंग' म्हणतं.

आता अ‍ॅपवरच्या कुलपाबद्दल. लेकीला अ‍ॅपवाल्यांचा राग आला असेल, पण इथे त्यांचे हात बांधलेले असतात. प्ले स्टोअर प्रत्येक खरेदीची स्थिती अ‍ॅपला कळवतं. पैसे मिळाल्याची खात्री होईपर्यंत ती `PENDING` असते आणि खात्री झाली की `PURCHASED` होते. `PENDING` असताना माल द्यायचा नाही, ही गूगलची अ‍ॅप बनवणाऱ्यांना स्पष्ट सूचना आहे. त्यामुळे त्यांच्या ग्राहकसेवेला बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवून भांडण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे तुमचे पैसे आलेलेच नसतात, आणि ते तुम्हाला परतही करू शकत नाहीत.

यानंतरची एक गोष्ट फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. स्थिती `PURCHASED` झाली, की अ‍ॅपने 'हो, मी या ग्राहकाला माल दिला' अशी पोच गूगलला द्यावी लागते. त्यासाठी 3 दिवसांची मुदत असते, आणि ती पैसे भरल्यापासून नाही, तर 'पेंडिंग' सुटल्यापासून मोजतात. तेवढ्यात पोच गेली नाही तर गूगल खरेदी आपोआप रद्द करून पैसे परत पाठवतं. चांगल्या अ‍ॅपचा सर्व्हर ही पोच स्वतःच देतो. पण लहान कंपन्यांची काही अ‍ॅप्स आपल्या फोनवर उघडली तरच खरेदीकडे बघतात. अशा वेळी माणूस कंटाळून चार दिवस अ‍ॅप उघडतच नाही, मधल्या काळात पैसे पोचतात, पोच मात्र जात नाही, आणि झालेली खरेदी परत फिरते. म्हणून लेकीला सांगा, 'पेंडिंग' असेपर्यंत रोज एकदा, इंटरनेट चालू ठेवून, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. आत कुठे Restore purchases असं बटण असेल तर ते दाबायचं. अ‍ॅप काढून पुन्हा टाकायची गरज नाही. खरेदी फोनवर नसते, जीमेलच्या खात्यावर असते, त्यामुळे अ‍ॅप काढल्याने ती जात नाही आणि लवकर येतही नाही. उतरवून ठेवलेल्या नोट्स मात्र जातात.

तर आता घरात बसून काय बघायचं? दोनच ठिकाणी बघा, आणि दोन्हीकडे मेसेजवर न जाता आत जाऊन बघा.

पहिलं प्ले स्टोअर. उजवीकडे वर आपल्या नावाच्या गोलावर बोट ठेवा, Payments & subscriptions मध्ये जा आणि खरेदीचा इतिहास उघडा. तिथे ही 1,499 ची नोंद असेल, तिचा GPA पासून सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असेल आणि पुढे स्थिती दिसेल. दुसरं तुमचं यूपीआय अ‍ॅप. त्यात हाच व्यवहार उघडला की 12 आकडी क्रमांक दिसतो. कुठे त्याला यूटीआर म्हणतात, कुठे आरआरएन. हे दोन्ही क्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि दोन्हीकडच्या पडद्याचे फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर बँकेतला माणूस पहिल्यांदा हा 12 आकडी क्रमांकच मागतो. तो नसेल तर शोधाशोधीत आणखी एक दिवस जातो.

या दोन ठिकाणी काय दिसतं त्यावरून पैसे कुठे अडकलेत ते कळतं. यूपीआय अ‍ॅपमध्येही 'प्रक्रिया चालू' असेल तर गाठ बँकांच्या मध्ये आहे, तुम्ही थांबायचं. यूपीआयमध्ये व्यवहार यशस्वी दिसतोय आणि प्ले स्टोअरवर मात्र 'पेंडिंग' आहे, तर पैसे पोचलेत आणि गूगलकडे त्याची खबर पोचायची राहिलीय. हे बहुतेक वेळा सर्वांत लवकर सुटतं आणि खरेदी पूर्ण होते. यूपीआयमध्ये 'अयशस्वी' आलं आणि रक्कमही वजा झालेली आहे, तर ती परत यायलाच हवी. आणि रक्कम वजा झाली की नाही, हे खात्याच्या उताऱ्यात बघा. कधी कधी वजा झाल्याचा मेसेज येतो आणि दोन मिनिटांत रक्कम जमाही झालेली असते. आपण दुसरा मेसेज वाचतच नाही.

'किती दिवसांत' याचं उत्तर रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं आहे. 20 सप्टेंबर 2019 ला तिने फसलेल्या व्यवहारांच्या मुदतीचं परिपत्रक काढलं आणि ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालं. त्यात यूपीआयसाठी दोन वेगळ्या मुदती आहेत आणि लोक नेमकी चुकीची धरतात. एका माणसाने दुसऱ्याला पैसे पाठवले आणि ते तिकडे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. पण दुकानदाराला किंवा कंपनीला दिलेले पैसे वजा झाले आणि त्यांच्याकडे खात्री पोचली नाही, तर मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांची आहे. प्ले स्टोअर या दुसऱ्या प्रकारात येतं. भावाला पाठवलेले पैसे एका दिवसात परत आले म्हणून अ‍ॅपचेही तसेच येतील, असं धरून चालू नका.

तुमचा हिशेब असा होतो. गुरुवार हा व्यवहाराचा दिवस, तो मोजायचा नाही. शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन, सोमवार चार, मंगळवार पाच. इथे कॅलेंडरचे दिवस धरले जातात, त्यामुळे रविवार किंवा जोतिबाच्या यात्रेची सुट्टी मध्ये आली तरी मुदत वाढत नाही. फसलेल्या व्यवहाराची रक्कम मंगळवार संपेपर्यंत खात्यात आली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची, असं त्याच परिपत्रकात म्हटलंय. प्रत्यक्षात ती न मागता मिळालेली मी कमीच पाहिली. त्यामुळे उशीर झालाच तर तक्रारीत 'मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाईही द्यावी' हे वाक्य आवर्जून लिहा.

एक फरक इथेच सांगून ठेवते, कारण त्यावरून कुणाकडे जायचं ते ठरतं. पैसे गूगलपर्यंत पोचलेच नाहीत आणि बँकांच्या पातळीवरून माघारी आले, तर त्याला रिव्हर्सल म्हणतात. वर सांगितलेली 5 दिवसांची मुदत आणि 100 रुपये त्यालाच लागू आहेत. पण पैसे गूगलला मिळाले आणि मग खरेदी रद्द झाली म्हणून गूगलने परत पाठवले, तर तो परतावा, म्हणजे रिफंड. त्याची चौकशी बँकेत करून उपयोग नाही, कारण बँकेच्या दृष्टीने पहिला व्यवहार बिनचूक झालेला असतो. त्यासाठी गूगल प्लेच्या मदतीत ऑर्डर क्रमांक देऊन विचारावं लागतं. प्ले स्टोअरने 'रद्द, पैसे परत केले' असा मेल पाठवला असेल तर तो परतावा समजा. मेलच नाही, यूपीआयमध्ये 'अयशस्वी' आहे, तर ते रिव्हर्सल.

पुढच्या वेळी यूपीआयऐवजी कार्ड वापरलंत तर चित्र थोडं निराळं दिसेल. कार्डावर कधी कधी रक्कम खरोखर जात नाही, नुसती अडवून ठेवली जाते. खात्यात ती असते, पण वापरता येत नाही. खरेदी फसली की हा अडसर बँक काढते आणि त्याला काही दिवस, क्वचित दोन आठवडेही लागतात. अशा वेळी उताऱ्यात 'जमा' अशी नोंद शोधत बसू नका. ती अडवलेली रक्कमच गुपचूप मोकळी होते.

लेकीच्या म्हणण्याबद्दल थोडं. एकाच जीमेलवरून तीच वस्तू पुन्हा घ्यायला गेलात, तर आधीची खरेदी 'पेंडिंग' असताना प्ले स्टोअर बहुधा अडवतं. मग माणसं काय करतात, तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या जीमेलने भरतात. मीही हेच केलं होतं. भाच्याला इंग्रजी शिकायच्या अ‍ॅपचा वर्षाचा पॅक भेट द्यायचा होता. रात्री दहाला 'पेंडिंग' आलं, पोरगं हिरमुसलं, म्हणून मी बहिणीच्या फोनवरून दुसऱ्यांदा भरले. मध्यरात्रीनंतर पहिली खरेदी पूर्ण झाली. आता दोन खात्यांवर दोन पॅक, आणि दोन्ही रीतसर यशस्वी. ते फसलेले व्यवहार नव्हतेच, त्यामुळे बँकेची कुठलीही मुदत त्यांना लागू नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून एका खरेदीचा परतावा गूगलकडे मागितला आणि मिळाला, कारण खरेदीला 48 तास झाले नव्हते. त्या वेळेत गूगल स्वतः परतावा देऊ शकतं. त्यानंतर ते बहुतेक वेळा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे जायला सांगतं आणि मग सगळं त्यांच्या धोरणावर असतं. तुम्ही दुसऱ्यांदा भरून चार दिवस हिशेब बघितला नसता, तर 1,499 रुपयांसाठी अशाच एखाद्या कंपनीशी मेलामेली करावी लागली असती.

आणि ताई, कृपा करून 'ग्राहकसेवा' म्हणून इंटरनेटवर दिसलेल्या नंबरवर फोन लावू नका. अडकलेल्या पैशांच्या मागे लागलेल्या माणसांसाठीच असले खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा अगदी गोड बोलतो, 'ताई, रिफंड पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका' म्हणतो. पिन पैसे देण्यासाठी लागतो. घ्यायला कधीच लागत नाही, परताव्यालाही नाही, रिव्हर्सललाही नाही. आमच्या टेबलावर एक ऊसवाले शेतकरी आले होते. दोनशे रुपयांच्या अडकलेल्या रिचार्जसाठी त्यांनी असा फोन केला आणि बिलाचे जमा झालेले बहुतेक पैसे गेले. ते समोर बसून काहीच बोलेनात, ते दृश्य मला अजून आठवतं. असं काही झालंच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांमध्ये पसरत जातात.

मंगळवार उलटूनही रक्कम आली नाही, तर आधी यूपीआय अ‍ॅपमध्ये तोच व्यवहार उघडून तिथूनच तक्रार नोंदवा. तशी सोय प्रत्येक यूपीआय अ‍ॅपमध्ये असते आणि तिथून गेलेली तक्रार 12 आकडी क्रमांकासकट थेट यंत्रणेत पोचते. मग आपल्या शाखेत एका पानाचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्जात लांबलचक हकीकत नको. तारीख, वेळ, रक्कम, 12 आकडी क्रमांक, यूपीआय अ‍ॅपवर काय दिसतं, प्ले स्टोअरवर काय दिसतं, एवढं पुरे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला फी नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून तो शिक्का.

तुमच्या बाबतीत इतकं लांब जावं लागलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. शनिवारी तुम्ही कळवलंत, की यूपीआयमध्ये 'अयशस्वी' आलं आणि प्ले स्टोअरवरही खरेदी रद्द दिसतेय. म्हणजे हे रिव्हर्सल. तिथे वाट संपली आणि लेकीला पुन्हा खरेदी करायला हरकत उरली नाही. आधीचे पैसे यायचे असले तरी ही जुनी खरेदी आता अचानक पूर्ण होण्याची भीती नव्हती. सोमवारी सकाळी 1,499 रुपये परत जमा झाले, म्हणजे चौथ्या दिवशी, मुदतीच्या आत.

मात्र दुसऱ्यांदा खरेदी केल्यावरही कुलूप निघालं नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यात बँकेचा किंवा गूगलचा काही संबंध नाही. तुम्ही पैसे तुमच्या फोनवरून, तुमच्या जीमेलने भरलेत आणि लेक तिच्या फोनवर, तिच्या जीमेलने अ‍ॅप उघडतेय. तिच्या प्ले स्टोअरच्या लेखी तिने काहीच घेतलेलं नाही. अ‍ॅपमध्ये मोबाईल नंबर टाकून लॉगिन करायची सोय असेल, तर आधी तुमच्या फोनवर तिच्या नंबरने लॉगिन करा, Restore purchases दाबा आणि पेपर उघडतात का बघा. उघडले तर तिच्या फोनवरही त्याच नंबरने उघडतील. नाही उघडले, तर 48 तास व्हायच्या आत परतावा मागा, पैसे परत आल्याचा मेल येऊ द्या, आणि मग तिच्याच फोनवर, प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या गोलात तिचं नाव आहे हे बघून, खरेदी करा. पिन तुम्ही तुमच्या यूपीआय अ‍ॅपवरून टाकला तरी चालतो. पैसे कुणाच्या खात्यातून गेले हे प्ले स्टोअर बघत नाही, ते फक्त जीमेल बघतं.